आबांचं बोट कुठे थांबतं

"मी एक कथा लिहितेय. आजोबांना नातवाच्या टॅबवर एक शांत गेम सापडतो, त्यात झाड वाढवायचं असतं, आणि ते त्यात रमतात. अडीच हजार शब्द झालेत. तीन मैत्रिणींना वाचायला दिली, तिघीही म्हणाल्या गोड आहे पण कथा वाटत नाही, काही घडतच नाही. आजोबांचं आजारपण किंवा सुनेशी भांडण घालू का? सुरुवातीचा भाग सोबत देतेय."

आजारपण घालू नका आणि भांडण तर अजिबातच नको, कारण ते घातलं तर कथा आजारपणाची नाहीतर भांडणाची होईल आणि टॅब कोपऱ्यात पडून राहील. मी गेली २२ वर्षं दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा वाचतोय आणि निवडलेल्यांवर लेखकांसोबत बसून काम करतोय. आजोबा आणि मोबाइल, आजी आणि व्हिडिओ कॉल अशा कथा दर वर्षी येतातच आणि त्या बहुतेक जिथे अडतात तिथेच तुमची अडलीये. तुमच्या गेममध्ये झाड आहे, पण त्या झाडाच्या जागी मासे ठेवले किंवा पतंग ठेवला तरी तुमच्या दिलेल्या भागातलं एकही वाक्य बदलावं लागत नाही. म्हणजे या माणसाला हाच गेम का धरून ठेवतो ते कथेलाच माहीत नाहीये. मैत्रिणींना जे कमी वाटलं ते हे.

शांत गेमची एक अडचण असते. त्यात शत्रू नसतो, घड्याळ नसतं, हरलं तरी कोणी ओरडत नाही. त्यामुळे गेमकडून कथेला काही ताण मिळणार नाही, तो माणसाच्या हाताकडूनच यायला हवा. अशा गेममध्ये साधारण एकच क्रिया असते, कापणं किंवा ओतणं किंवा लावणं किंवा नुसती वाट बघणं. तुमच्या आजोबांनी आयुष्यभर तीच क्रिया केलेली असली पाहिजे, आणि गेममध्ये तिचा नियम थोडासा वेगळा असला पाहिजे. हे "थोडासा वेगळा" फार महत्त्वाचं आहे. अगदी सारखा असेल तर आजोबा लगेच जिंकतात आणि गोष्ट संपते, आणि काहीच संबंध नसेल तर फक्त वेळ जातो.

आता हे आजोबा कोण यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तुमच्या ओळखीत शिंपी असतील तर शिंपी घ्या, एसटीचे ड्रायव्हर असतील तर ते, ज्यांचे हात तुम्ही जवळून बघितलेत ते घ्या. तुम्ही दिलेल्या भागात ते फक्त "निवृत्त" आहेत, कशातून ते कुठेच नाही. मी द्राक्षबागेचं उदाहरण घेतो कारण माझ्या मामांची बाग पिंपळगाव बसवंतच्या बाजूला होती आणि छाटणीच्या दिवसात मी तिथेच असायचो, त्यामुळे त्यातलं मला ठामपणे सांगता येतं.

गेम तुमच्या मनातला काल्पनिक असेल तरी चालेल, पण एकदा खरा खेळून बघा. टॅबवर Prune नावाचा एक आहे, २०१५ साली आला, जोएल मॅकडॉनल्ड या डिझायनरचा. जमिनीच्या तुकड्यावरून बोट वर ओढलं की काळं सावलीसारखं झाड आपोआप वाढायला लागतं, फांद्या फुटत जातात, आणि आपण बोट आडवं फिरवून नको त्या फांद्या कापायच्या. एक कापली की बाकीच्या जोर धरतात. पडद्यावर कुठेतरी उजेड असतो, तिथपर्यंत फांदी पोचली तर तिला फुलं येतात, नाही पोचली तर झाड तिथेच थांबतं आणि आपण पुन्हा सुरुवात करायची. लिहिलेलं जवळजवळ काही नसतं, मार्क वगैरे काही नाहीत. म्हणजे वाचायचा चष्मा जवळ नसलेल्या माणसालाही तो खेळता येतो, ही गोष्ट कथेत उपयोगी पडते.

आता द्राक्षाची वेल. नाशिककडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमधली खरड छाटणी, तेव्हा जुनी काडी अगदी आखूड, एका डोळ्यावर ठेवून कापतात, डोळा म्हणजे काडीवरची फुटीची गाठ, म्हणजे तिथून नवी काडी येते. आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, तेव्हा त्या नव्या काडीवर काही डोळे राखून वर कापतात आणि राखलेल्या डोळ्यांतून घड बाहेर पडतो. किती डोळ्यांवर कापायचं हा सगळ्यात मोठा निर्णय. कारण घड डोळ्यात आधीच तयार झालेला असतो, एप्रिल छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, आणि त्या काळात काडीला ऊन नीट मिळालं नसेल, पानांची गर्दी झाली असेल तर डोळा पोकळ निघतो. म्हणून आता लोक छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत देतात, तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात की घड कितव्या डोळ्यात आहे. मामा मात्र काडी बोटांमध्ये फिरवायचे, जाडी बघायचे, डोळे मोजायचे आणि मगच सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, लावायचे. (सटाण्याकडे आगाप छाटतात, कथा तिकडे नेलीत तर महिना बदलावा लागेल.)

बघा आता, उजेडाचा नियम गेममध्ये आणि बागेत सारखा आहे. पण डोळा गेममध्ये नाही. तिथे फांदी कुठेही कापता येते, अर्ध्यात, मुळाशी, टोकाला, काही फरक पडत नाही. ज्या माणसाने पन्नास वर्षं डोळा बघितल्याशिवाय कात्री लावली नाही त्याचं बोट त्या काळ्या फांदीवर थांबणार, तो डोळा शोधणार, आणि तो थांबेपर्यंत झाड भलतीकडे वाढून गेलेलं असणार. इथे तुमची कथा आहे. त्याला येत नाही म्हणून तो हरत नाहीये, त्याला फार चांगलं येतं म्हणून हरतोय.

एवढं हातात आलं की बाकीचं जुळवायला वेळ लागत नाही. आबा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलाकडे नाशिकला फ्लॅटमध्ये आलेत. घरात वॉकर घेऊन फिरतात पण बागेतल्या ढेकळांत अजून कोणी पाठवत नाही. महिना ऑक्टोबर. म्हणजे गेममध्ये नसलेलं घड्याळ बाहेर चालू आहे, तिकडे पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी ठरलीये, मुलगा फोनवर दिवस ठरवतोय आणि आबांना कोणी विचारत नाहीये की यंदा किती डोळ्यांवर. हे वाईटपणाने नाही, मुलाने काड्या तपासायला दिल्यात, रिपोर्ट आलाय, विचारायची गरज उरली नाही. तुम्हाला भांडण हवं होतं ना, त्याची ही योग्य मात्रा आहे. बाल्कनीतून ऐकू येणारं फोनवरचं एक वाक्य, "हो हो, रिपोर्टप्रमाणेच करा", बस. त्यावर आबा काही बोलत नाहीत, आणि तुम्हीही त्यांच्या मनात शिरून काही बोलू नका.

आता बोटाबद्दल, कारण तुमच्या भागात आजोबा पाच मिनिटांत सराईत होतात आणि तिथेच माझा विश्वास उडाला. वयस्कर माणसाचं टॅबवरचं बोट मी बरंच बघितलंय. टॅबच्या काचेला दाब कळत नाही, कातडी काचेला लागली की जो बारीक विजेचा फरक पडतो तो कळतो. शेतात काम केलेलं बोट कोरडं असतं, घट्टे पडलेलं असतं, त्यामुळे कधीकधी काचेला ते कळतच नाही. मग माणूस काय करतो तर डोअरबेलसारखं जोरात दाबतो आणि दाबून धरतो. दाबून धरलं की टॅबला वाटतं त्याला दुसरंच काहीतरी हवंय, भलताच मेनू उघडतो किंवा चित्रं जागची हलायला लागतात. काहीजण नखाने टोकरतात, नख तर काचेला अजिबात कळत नाही. टॅब दोन्ही हातांनी ताटासारखा धरतात, तेव्हा डाव्या अंगठ्याचा कडेला स्पर्श होत राहतो आणि उजव्या बोटाचं ऐकलं जात नाही. आणि सगळ्यात नेहमीचं म्हणजे ते विचार करत थांबले की स्क्रीन मंद होऊन बंद पडते आणि त्यांना वाटतं आपण बिघडवला. हे शेवटचं तर तुमच्या कथेसाठी तयारच आहे, कारण आपले आबा थांबणारे आहेत.

यातलं सगळं वापरू नका, दोनच गोष्टी घ्या. मी पहिला प्रसंग असा लिहून बघितला, नमुना म्हणून, नातवाचं नाव आर्यन ठेवलंय:

आबांनी बोट ठेवलं. काही झालं नाही. त्यांनी जोर दिला, मग अजून जोर दिला. "आबा, दाबू नका ना, नुसतं सरकवा," आर्यन म्हणाला आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. आबांनी बोट धोतराला पुसलं, जिभेला लावलं, नोटा मोजताना लावतात तसं, आणि खालून वर ओढलं. काळी रेघ उठली. रेघेला फाटा फुटला, फाट्याला फाटा. "थांब थांब," आबा म्हणाले, पण ते झाड कुणाचं ऐकणारं नव्हतं. त्यांनी सगळ्यात खालच्या फांद्या एका फटक्यात उडवल्या, मग वरच्या, मग त्याच्यावरच्या, एप्रिलमध्ये उडवतात तशा. बुंधा तेवढा राहिला. उजेड वर कुठेतरी लांब होता. काच हळूहळू काळी झाली आणि आबांना तिच्यात स्वतःचा चष्मा दिसला. "बिघडला रे हा." "नाही बिघडला, झोपला."

यात बघा, ओलं बोट आणि झोपलेली स्क्रीन एवढंच घेतलं. आणि "एप्रिलमध्ये उडवतात तशा" इतकंच म्हटलंय, खरड छाटणी म्हणजे काय हे समजावत बसलेलो नाही. ज्याला माहीत आहे त्याला कळेल की आबांनी भलत्याच महिन्याची छाटणी केली, ज्याला माहीत नाही त्याला एवढं कळेल की त्यांनी फार कापलं. तुम्ही बागेची माहिती कथेत आणाल तेव्हा हा मोह होईल, अख्खा परिच्छेद डोळ्यांवर लिहावासा वाटेल. माहिती फक्त तिथेच येऊ द्या जिथे कोणीतरी कोणाला तोंडाने विचारतंय.

आणि विचारणारा नातू आहे. तुमच्या भागातला नातू शिकवणारा आहे, "आजोबा, असं करायचं असतं" म्हणत सगळं नीट समजावतो. नऊ-दहा वर्षांचं पोरगं असं शिकवत नाही हो, ते टॅब हातातून ओढून घेतं, भर्रकन करून दाखवतं आणि परत देतं, आपल्याला काय केलं ते कळतही नाही. त्याला आबांच्या आनंदात रस नाही, टॅब परत कधी मिळणार यात रस आहे. हे खरं ठेवलंत तर पुढे जेव्हा तो खरोखर बघायला लागतो तेव्हा त्याला किंमत येते. भाषाही बघा, नाशिककडच्या घरात नातू आबांना "तुम्ही" म्हणेल आणि आबा त्याला "अरे, बाळा, कार्ट्या" यातलं काहीही म्हणतील. तुमच्याकडे दोघंही पुस्तकातल्यासारखं बोलतायत.

मधल्या भागात तीन रात्री द्या. पहिल्या रात्री ते आखूड कापतात आणि झाड उजेडापर्यंत पोचत नाही. दुसऱ्या रात्री ते कापायलाच घाबरतात, सगळं राखतात, आणि गर्दी होऊन झाड जागीच थांबतं. हेही बागेतलं खरं आहे, फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या फुटी, काढल्या नाहीत तर जोर वाटला जातो आणि काडी बारीक राहते. तिसऱ्या रात्री ते कापायला लागतात पण प्रत्येक कापाआधी थांबतात. इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला मामांच्या हातावरून आठवली. छाटल्यावर कधी कधी काडीच्या टोकातून पाणी टिपकतं, थेंब थेंब, आणि मामा पुढच्या काडीकडे जाताजाता त्या टोकावरून अंगठा फिरवायचे, त्याने काही थांबत नाही, पण फिरवायचे. आबांनाही ते करू द्या. फांदी कापली की अंगठा काचेवरून फिरतो, आणि त्या अंगठ्याने शेजारची चांगली फांदीही कापली जाते, कारण गेमला तो कापच वाटतो. त्यांना कळत नाही की ती का गेली. आर्यनला कळतं, कारण तो आता बघतोय.

मग हे येऊ द्या:

"आबा, तुम्ही कापायच्या आधी काय मोजता?"
"मी कुठं मोजतो."
"ओठ हलतात तुमचे."
आबा काचेकडे बघत राहिले. "डोळे," ते म्हणाले.
"झाडाला डोळे असतात?"
"ह्या नाही. ह्याला नाहीयेत."

हा कथेचा मधला खिळा आहे. त्याच्यानंतर आबा दोन-चार वाक्यांत डोळा म्हणजे काय ते सांगतील, पोराला कळेल अशा भाषेत, की काडीवर टिकलीएवढी गाठ असते आणि पुढच्या चार महिन्यांचा घड आत आधीच निजलेला असतो, वरून दिसत नाही. आर्यन विचारेल मग तुम्हाला कसं कळतं. आबांना याचं उत्तर देता येऊ नये. त्यांनी त्याचं बोट धरून पेन्सिलीवर फिरवावं, जाड इथे, बारीक इथे. एवढंच.

शेवटाबद्दल. तुम्ही सांगितला नाहीये पण दिलेल्या भागाच्या रोखावरून माझा अंदाज आहे की सगळं घर आजोबांभोवती जमतं. द्राक्षबागेचं वळण घेतलंत तर दुसरा एक मोह होईल, की मुलगा दारात उभा राहून हे सगळं ऐकतो आणि म्हणतो, आबा, किती डोळ्यांवर छाटू तुम्ही सांगा. तो शेवट लिहू नका, मी तो वेगवेगळ्या पोशाखात खूप वेळा वाचलाय. शिवाय तो खोटा आहे, रिपोर्ट हातात असलेला शेतकरी रिपोर्टप्रमाणेच छाटेल आणि त्याने तसंच करावं, आबांनाही ते मनातून माहीत आहे. मुलाला चुकीचा ठरवलंत तर आबा लहान होतात.

माझ्या मते शेवट असा हवा. तिकडे छाटणी होऊन गेली, मुलाने फोनवर फोटो दाखवला, आबांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला (हे त्यांना आता येतं, टॅबमुळे, आणि त्याबद्दल कथेने एक शब्दही बोलायचा नाही) आणि "बरी केली" म्हणाले. रात्री आर्यन टॅब घेऊन आला आणि स्वतः खेळायला बसला, आबांच्या शेजारी. झाड वाढायला लागलं. त्याने बोट फांदीवर नेलं आणि थांबवलं, आणि जिथे मोजायला काहीच नाही तिथे मोजायला लागला, एक, दोन, तीन, चार. झाड वाढतच होतं. आबा म्हणाले, "अजून एक राहू दे."

इथे थांबा. त्याला फुलं आली की नाही ते लिहू नका, लिहिलंत तर वाचकाचं लक्ष झाडाकडे जाईल.

आता कामाचं. तुमच्या अडीच हजार शब्दांतला पहिला दीड पानाचा भाग, ज्यात आजोबांचा एकटेपणा, गेलेली आजी, संध्याकाळची पोकळी वगैरे आहे, तो पूर्ण काढा. आजी हवीच असेल तर तिला एका वस्तूत ठेवा. पहिलं वाक्य टॅबवर बोट ठेवण्याचं असू दे. "त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं" तीन वेळा आलंय, तिन्ही काढा. आणि "लेव्हल पार केली, पॉइंट मिळाले" हे काढाच, कारण मार्क देणारा गेम घेतलात तर आबा मार्कांसाठी खेळतायत असं होतं आणि मग डोळ्याची गोष्ट उभीच राहत नाही. फुकटचा गेम असेल तर मध्येमध्ये जाहिरात येते, ती बंद करायची फुली कोपऱ्यात राईएवढी असते, आणि आबांचं जाड बोट तिच्यावर बसणार नाही. ते घ्यायचं तर तो वेगळाच प्रसंग होतो, चांगला होऊ शकतो, पण या कथेत मी घेणार नाही, टॅबवर गेम विकत घेतलेला आहे असं धरून चालेन.

बाग तुमच्या ओळखीची नसेल आणि शिंपी घेणार असाल तर हीच पद्धत लावा. शिंप्याच्या बोटाला काय शोधायची सवय आहे, कापडाचा उभा-आडवा धागा, आणि गेममध्ये तो नाही. एवढं सापडल्याशिवाय दुसरा मसुदा लिहायला बसू नका. आणि बसायच्या आधी ओळखीतल्या कुणा सत्तर-पंचाहत्तरीच्या माणसाच्या हातात टॅब द्या, गेम लावून द्या, काही शिकवू नका, आणि अर्धा तास फक्त त्यांचं बोट बघा. कुठे थांबतं तेवढं वहीत लिहून घ्या. दुसरा मसुदा झाला की पाठवा, मी वाचेन.